इलेक्शन कार्ड हातात आहे, पण यादीत नाव आहे का? घरातल्या प्रत्येकाचं नाव असं तपासा

आपल्या बहुतेक घरांत इलेक्शन कार्डं कपाटात जपून ठेवलेली असतात आणि 'कार्ड आहे ना, मग मतदान होणारच' असं आपण धरून चालतो. हा समज चुकीचा आहे. कार्ड फक्त ओळख पटवण्यासाठी असतं. मतदानाचा हक्क मिळतो तो त्या भागाच्या मतदार यादीत नाव असेल तर. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा फोटो असलेलं बँक पासबुक यांसारखं निवडणूक आयोगानं मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र दाखवून मत देता येतं. उलट कार्ड नवं कोरं असेल आणि यादीत नाव नसेल, तर केंद्रावरचा अधिकारी काहीच करू शकत नाही.

गेल्या निवडणुकीत मत दिलं म्हणून या वेळीही नाव असेलच, असंही नाही. यादी दरवर्षी नव्याने तपासली जाते. मयत, स्थलांतरित आणि दोनदा आलेली नावं काढली जातात, आणि या कामात कधी कधी चुकीचं नावही निघतं.

हा लेख कोणत्या पक्षाला मत द्यावं याबद्दल नाही. यादीत नाव कसं शोधायचं, 'नाव नाही' असं दिसलं तर ते खरंच नाही की फक्त सापडत नाही हे कसं ओळखायचं, आणि त्यानंतर कोणता फॉर्म भरायचा, एवढंच इथे सांगितलं आहे.

1. आधी कार्डावरच्या नंबरने शोधा

मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर हा पत्ता टाका:

```
electoralsearch.eci.gov.in
```

पत्त्याच्या शेवटी `eci.gov.in` आहे याची खात्री करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या दुसऱ्या कुठल्या लिंकवर माहिती भरू नका. नाव तपासायला पैसे लागत नाहीत.

पान उघडलं की शोधण्याचे तीन मार्ग दिसतात: `Search by EPIC`, `Search by Details` आणि `Search by Mobile`. सुरुवात नेहमी `Search by EPIC` पासून करा. EPIC म्हणजे इलेक्शन कार्डावरचा नंबर. नव्या कार्डावर तो दहा अक्षरांचा असतो, आधी तीन इंग्रजी अक्षरं आणि मग सात आकडे. नंबर टाका, राज्य निवडा, चित्रात दिसणारी अक्षरं भरा आणि शोधा. या मार्गात नावाच्या स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही, म्हणून तो सर्वांत भरवशाचा.

नाव असेल तर खाली एक ओळ येते. तिच्यात नाव, वय, वडिलांचं किंवा पतीचं नाव, विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक, मतदान केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक दिसतो. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर यादीत नाव शोधताना हेच आकडे लागतात.

अम्मी-अब्बूंच्या पिढीच्या काही जुन्या कार्डांवर तिरप्या रेघा असलेला, MT ने सुरू होणारा लांब नंबर असतो. असे नंबर पुढे बदलून दहा अक्षरी करण्यात आले. त्यामुळे जुना नंबर टाकून काही सापडलं नाही, तर नाव गेलं असं लगेच समजू नका. पुढचा मार्ग वापरा.

2. नावाने शोधताना आपल्या नावांची अडचण

कार्ड सापडत नसेल किंवा नंबरने काही आलं नसेल, तर `Search by Details` वापरा. इथे आपल्या घरांतली नावं बऱ्याचदा 'सापडत नाहीत', आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण, एकाच नावाची अनेक रूपं. शाळेच्या दाखल्यावर 'महंमद', आधारवर 'मोहम्मद' आणि यादीत 'मोहंमद' किंवा नुसतं 'मो.' असू शकतं. रुखसानाचं रुकसाना होतं, फातिमाचं फातेमा, महेबूबचं मेहबूब आणि शेखचं शैख. नावं बहुतेक वेळा इंग्रजीत टाईप होतात आणि मराठी रूप कॉम्प्युटर तयार करतो, त्यातूनही असे घोटाळे होतात.

दुसरं कारण, आडनावाची जागा. आपल्याकडे 'शेख रुखसाना इक्बाल' असंही लिहितात आणि 'रुखसाना इक्बाल शेख' असंही. भरताना कुणी 'शेख' हेच पहिलं नाव म्हणून टाकलेलं असतं. मग तुम्ही पहिल्या रकान्यात रुखसाना आणि आडनावात शेख लिहिलं की यादीशी जुळत नाही. बी, बेगम, खातून हे शब्दही कधी नावाला जोडलेले असतात, कधी आडनाव म्हणून लिहिलेले असतात, तर कधी अजिबात नसतात.

तिसरं कारण, नातेवाईकाचं नाव. या पानावर वडिलांचं किंवा पतीचं नावही विचारतात. निकाहनंतर अनेक बहिणींचं नाव यादीत वडिलांच्याच नावाने राहिलेलं असतं आणि शोधताना मात्र पतीचं नाव टाकलं जातं.

म्हणून एकदा शोधून थांबू नका, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी भाषा मराठी ठेवून नाव टाका, मग तेच इंग्रजीत. नंतर नाव आणि आडनावाची अदलाबदल करा. मग बी किंवा बेगम काढून पाहा. मग पतीऐवजी वडिलांचं नाव टाका. वय दोन-तीन वर्षं पुढे-मागे करून पाहा, कारण जुन्या नोंदींत वय अंदाजाने लिहिलेलं असतं. ज्या रकान्यापुढे तांबडी फुली आहे तेवढेच रकाने सक्तीचे असतात, बाकीचे रिकामे सोडले तरी चालतं. जेवढी कमी माहिती भराल तेवढी नाव निसटण्याची शक्यता कमी.

3. तरीही नाही आलं? मग थेट यादीच वाचा

शोधून सापडलं नाही याचा अर्थ यादीत नाही असा होत नाही. शेवटचा शब्द छापील यादीचा असतो आणि ती कुणालाही मोफत पाहता येते:

```
voters.eci.gov.in/download-eroll
```

इथे राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ आणि भाषा निवडली की भागांची यादी येते. एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचा परिसर. आपला भाग कोणता हे कळायला सोपी युक्ती अशी: घरातल्या किंवा शेजारच्या ज्याचं नाव आधीच सापडलं आहे त्याचा भाग क्रमांक घ्या आणि तोच भाग उतरवून घ्या.

पहिल्या पानावर त्या भागात कोणत्या गल्ल्या आणि वस्त्या येतात ते दिलेलं असतं. आपल्या मोहल्ल्याचं नाव तिथे आहे का, ते आधी पाहा. पुढे प्रत्येक मतदाराचा एक चौकोन असतो. त्यात अनुक्रमांक, कार्डाचा नंबर, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. ही पानं बहुधा फोटोसारखी असतात, त्यामुळे त्यात नाव टाईप करून शोधता येत नाही. डोळ्यांनीच वाचावं लागतं. वाचताना नाव शोधण्याऐवजी घर क्रमांक शोधा, कारण एका घरातले लोक सहसा एकामागून एक आलेले असतात. सासूबाईंचं नाव सापडलं की सुनेचं नाव त्याच्या आसपास पाहा.

यादी शेवटपर्यंत वाचा. शेवटी पुरवणी असते. नव्याने आलेली आणि काढलेली नावं तिथे असतात. अलीकडेच अर्ज केलेल्या मुलाचं नाव घरच्यांसोबत दिसलं नाही तर बहुतेक वेळा ते पुरवणीत सापडतं.

चौकोनावर आडवा `DELETED` असा शिक्का असेल तर ते नाव काढलेलं आहे. मग अनुक्रमांकाजवळचं इंग्रजी अक्षर पाहा, त्यावरून कारण कळतं. `E` म्हणजे मयत, `S` म्हणजे राहतं ठिकाण बदललं, `R` म्हणजे नाव दोनदा आलं, `M` म्हणजे पत्त्यावर सापडले नाहीत, आणि `Q` म्हणजे अपात्र. जिवंत माणसाच्या नावापुढे `E` दिसलं किंवा त्याच घरात राहणाऱ्याच्या नावापुढे `S` दिसलं, तर ती चूक आहे हे सांगायला तुमच्या हातात पुरावा आला.

4. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, रुखसाना नावाची एक बहीण आहे. माहेर लातूर, सासर सोलापूर. निकाह सहा वर्षांपूर्वी झाला. कार्ड माहेरी असतानाच काढलं होतं, वडिलांचं नाव महेबूब आणि पतीचं इक्बाल. ती आता सोलापूर शहर मध्य मतदारसंघात राहते.

तिनं आधी सोलापूर जिल्हा निवडून 'रुखसाना', पती 'इक्बाल', आडनाव 'शेख' असं टाकून शोधलं. काहीच आलं नाही. घरच्यांना वाटलं नाव कटलं, आता नवा फॉर्म 6 भरून टाकू.

इथेच घाई नडते. तिनं कार्डावरचा नंबर टाकला तेव्हा नाव लगेच आलं: लातूर शहर मतदारसंघ, नाव 'रुकसाना', वडील 'मेहबूब'. म्हणजे नाव कटलेलं नव्हतं, ते माहेरच्या यादीत होतं. अशा वेळी फॉर्म 6 भरला असता तर दोन ठिकाणी नाव झालं असतं. कायद्याने एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. शिवाय फॉर्म 6 वर 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 31 नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तिच्यासाठी योग्य फॉर्म आहे 8. त्यात राहण्याची जागा बदलल्याची नोंद होते, लातूरची नोंद निघते, सोलापूरला नवी नोंद होते आणि कार्डाचा नंबर तोच राहतो. पत्त्याच्या पुराव्यासाठी सध्याच्या पत्त्याचं आधार, बँक पासबुक, किंवा घरच्या नावाचं वीज किंवा पाण्याचं बिल चालतं. नावाचं स्पेलिंग आणि वडिलांच्या जागी पतीचं नाव ही दुरुस्तीही फॉर्म 8 मध्येच होते.

5. कोणाला कोणता फॉर्म?

फॉर्म 6 हा ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. यात पहिल्यांदा नोंदणी करणारी मुलं-मुली येतात आणि ज्यांचं नाव चुकून काढलं गेलं तेही. 18 वर्षं पूर्ण झाली आहेत का हे पाहण्यासाठी वर्षात आता चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. 17 वर्षं पूर्ण झालेली मुलंही आगाऊ अर्ज करू शकतात, नाव मात्र 18 पूर्ण झाल्यावरच लागतं.

फॉर्म 8 हा ज्याचं नाव आहे पण घर बदललं, नाव-वय-नातं चुकलं, कार्ड हरवलं किंवा दिव्यांग असल्याची नोंद करायची आहे त्याच्यासाठी.

फॉर्म 7 हा नाव काढण्यासाठी किंवा कुणाच्या नावावर हरकत घेण्यासाठी. घरात कुणाचा इंतकाल झाला असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह हा फॉर्म घरच्यांनीच भरावा.

तिन्ही फॉर्म `voters.eci.gov.in` वर भरता येतात, किंवा आपल्या भागाच्या बीएलओंकडे कागदावर देता येतात. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुधा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी ताई. ते कोण आहेत हे कळत नसेल तर 1950 या हेल्पलाईनवर विचारा.

ऑनलाईन भरताना एक काळजी घ्या. तुम्ही नाव इंग्रजीत लिहिलं की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप येतं. तिथेच थांबून ते मराठी नाव वाचा आणि चुकलं असेल तर हाताने दुरुस्त करा. नेट कॅफेवाला भरत असेल तर त्याला स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा. आधारवर जसं आहे तसंच नाव घ्या, म्हणजे पुढे कागद जुळतात. अर्ज झाला की मिळणारा संदर्भ क्रमांक लिहून घ्या. `Track Application Status` मध्ये तोच टाकून अर्ज कुठपर्यंत आला ते पाहता येतं.

आता जर फक्त एखादं अक्षर चुकलं असेल, म्हणजे शेखचं शैख झालं असेल, आणि मतदान जवळ आलं असेल, तर घाबरू नका. ओळख पटत असेल तर अशा किरकोळ चुकीसाठी मत देण्यापासून अडवायचं नाही, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. दुरुस्ती करून घ्याच, पण त्यासाठी मतदान चुकवू नका.

6. नाव चुकून काढलं गेलं असेल तर

नाव काढण्याआधी संबंधित माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, असं कायद्याचं कलम 22 सांगतं. त्यामुळे मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडून घरी नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. ठरलेल्या तारखेला राहत असल्याचा पुरावा घेऊन जा. घरात कुणी कामासाठी मुंबईला किंवा आखातात गेलं असेल आणि नोटीस त्यांच्या नावाची असेल, तर घरातल्या कुणीतरी ती वाचून त्यांना त्याच दिवशी कळवावं.

नाव निघून गेल्यावर कळलं तर दोन वाटा आहेत. सरळ आणि लवकरची वाट म्हणजे फॉर्म 6 भरून नाव पुन्हा लावणं. दुसरी वाट अपिलाची. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि त्यांच्याही निर्णयाने समाधान झालं नाही तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तक्रार लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

7. कधी तपासायचं?

बहुतेकांना नावाची आठवण प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्यावर होते. तोवर उशीर झालेला असतो. उमेदवारांनी अर्ज भरण्याची शेवटची तारीख संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव लागत नाही. त्यात अर्जावर हरकतीसाठी द्यावे लागणारे दिवस धरले, तर आपला फॉर्म त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोहोचला पाहिजे.

2024 ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक आठवून पाहा. तिची घोषणा 15 ऑक्टोबरला झाली, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर होती आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. म्हणजे घोषणा ऐकून जागं होणाऱ्याला चार-पाच दिवसच मिळाले. मतदानाला महिनाभर आहे असं वाटत असतानाच नोंदणीचा दरवाजा बंद झाला होता.

महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्यासाठी यादी विधानसभेचीच वापरली जाते. ती फक्त प्रभागांप्रमाणे विभागली जाते. त्यामुळे नगरसेवकाच्या निवडणुकीसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेच्या यादीत नाव असलं पाहिजे. प्रभागाच्या प्रारूप यादीत आपलं घर भलत्याच प्रभागात गेलं असेल, तर हरकतीसाठी दिलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो.

कधी कधी आयोग नेहमीच्या दुरुस्तीऐवजी यादी घरोघरी फॉर्म देऊन नव्याने तयार करतो. त्याला विशेष सखोल पुनरीक्षण म्हणतात. 2025 मध्ये ते आधी बिहारमध्ये आणि मग गोव्यासह 12 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झालं. अशा वेळी बीएलओंनी दिलेला फॉर्म मुदतीत भरून परत करणं आणि प्रारूप यादी आली की त्यात आपलं नाव स्वतः पाहणं, ही दोन्ही कामं टाळू नयेत.

8. आज घरी बसून करायचं काम

एका कागदावर घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यांची नावं लिहा: अब्बू, अम्मी, दादी, भाईजान, भाभी, पहिल्यांदा मत देणारी मुलगी. प्रत्येकाच्या पुढे पाच रकाने करा: कार्डाचा नंबर, मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि 'काय चुकलं'. एकेक नाव तपासून रकाने भरा. ज्यांच्या पुढे रकाने रिकामे राहतील त्यांच्यासाठी आधी छापील यादी वाचा, आणि तिथेही नाव नसेल तरच फॉर्म 6 भरा.

सर्वांत आधी तीन जणांची नावं पाहा: लग्न होऊन आलेल्या सुनेचं, भाड्याचं घर बदललेल्या कुटुंबाचं, आणि मोबाईल न वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांचं. यादीत चुका याच नावांत जास्त सापडतात, आणि तपासायचं राहूनही याच नावांचं जातं. हा कागद कार्डांसोबत ठेवा. पुढच्या वेळी तपासताना फक्त नंबर टाकायचा आहे, एका नावाला दोन मिनिटंही लागणार नाहीत.